चढाची टक्केवारी आणि तासाची उंची

फ्रान्सच्या आल्प्स पर्वतात बूर द्वाझां नावाचे गाव आहे. तिथून स्कीइंगसाठी प्रसिद्ध असलेल्या आल्प द्युएझपर्यंत एक रस्ता चढतो. १९५२ साली ‘टूर द फ्रान्स’ ही सायकल शर्यत पहिल्यांदा या रस्त्याने गेली आणि तो टप्पा इटलीच्या फाउस्तो कोप्पीने जिंकला. रस्त्यावर २१ हेअरपिन वळणे आहेत. त्यांचे क्रमांक खालून वर उलटे लागतात: पायथ्याशी २१, माथ्याजवळ १. प्रत्येक वळणावरच्या फलकावर इथे टप्पा जिंकलेल्यांची नावे असतात. सायकलपटू मात्र या रस्त्याची ओळख दोन आकड्यांत करून देतात. लांबी १३.८ किलोमीटर, सरासरी चढ ८.१ टक्के.

या दोन आकड्यांवरून वर जायला किती वेळ लागेल हे घरबसल्या काढता येते, आणि उत्तर आश्चर्य वाटावे इतके अचूक येते. त्यासाठी आधी टक्केवारीचे रूपांतर उंचीत करायचे आणि मग उंचीवरून वेळ काढायचा. दुसऱ्या पायरीत खरी गंमत आहे, पण पहिल्या पायरीतही एक गैरसमज दडलेला असतो.

चढ ८.१ टक्के म्हणजे १०० मीटर आडवे अंतर पुढे जाताना रस्ता ८.१ मीटर वर जातो. ही टक्केवारी काटकोनाची नाही. १०० टक्के चढ म्हणजे उभी भिंत, असे अनेकांना वाटते. प्रत्यक्षात १०० मीटर पुढे आणि १०० मीटर वर म्हणजे ४५ अंशांचा कोन, आणि भिंतीची टक्केवारी तर काढताच येत नाही, कारण तिथे आडवे अंतरच शून्य असते. ८.१ टक्क्यांचा कोन जेमतेम ४.६ अंश भरतो. कागदावर ४.६ अंशांची रेघ काढली तर ती जवळपास आडवीच दिसते. त्याच रेघेवर सायकल घातली की पाय भरून येतात. कोन डोळ्याला फसवतो, टक्केवारी पायांना काय वाटेल ते सांगते. म्हणून रस्त्याच्या बाबतीत अंशांची भाषा मी सोडूनच देतो.

इथे एक रास्त शंका निघते. टक्केवारी आडव्या अंतरावर मोजतात, पण सायकलचा मीटर मोजतो रस्त्याची तिरकी लांबी. मग गुणाकार चुकणार नाही का? चुकतो, पण किती ते बघा. १० टक्के चढावर १० किलोमीटर रस्ता तुडवला तर साधा गुणाकार १,००० मीटर उंची सांगतो आणि त्रिकोणमितीचे बिनचूक उत्तर ९९५ मीटर येते. फरक पाच मीटरचा. २० टक्के चढावर ही तफावत दोन टक्क्यांवर जाते, पण तसले रस्ते मुळातच विरळ आणि आखूड. वाहनांच्या रस्त्यांसाठी ही शंका बाजूला ठेवली तरी चालते.

मग तोंडी हिशेबाचा नियम असा बनतो: एक किलोमीटर रस्ता आणि एक टक्का चढ म्हणजे दहा मीटर उंची. किलोमीटरला टक्क्यांनी गुणा आणि पुढे एक शून्य द्या. आल्प द्युएझसाठी १३.८ × ८.१ × १० म्हणजे सुमारे १,११८ मीटर. जुन्या अभियंत्यांची ‘एकास इतके’ ही रीत भेटली तर १०० ला त्या आकड्याने भागायचे. बोर घाटातल्या रेल्वेचा सर्वांत तीव्र चढ ३७ ला १ आहे, म्हणजे २.७ टक्के. सायकलवर हा चढ सौम्य म्हणावा असा, पण लोखंडी रुळावरच्या लोखंडी चाकांना तो इतका जड जातो की कर्जतहून लोणावळ्याकडे जाणाऱ्या गाड्यांना मागून ढकलायला जादा इंजिने लावावी लागतात. आपल्याकडच्या रस्त्यांसाठी इंडियन रोड्स काँग्रेसचे निकष सपाट प्रदेशात सर्वसाधारण चढ ३० ला १ आणि डोंगराळ प्रदेशात २० ला १ ठेवायला सांगतात. अडचणीच्या जागी थोडी सवलत मिळते. राष्ट्रीय महामार्गाचा घाट आणि गडावर जाणारा वाहनरस्ता यांत पायांना एवढा फरक का जाणवतो, याचे मोठे कारण हे. पहिला मालट्रकसाठी आखलेला असतो, दुसऱ्याची आखणी पुष्कळदा डोंगरानेच ठरवलेली असते.

आता उंचीवरून वेळ. त्यासाठी एक स्वार मनात धरू. त्याचे वजन ६५ किलो, सायकल, पाण्याच्या बाटल्या, कपडे आणि बूट मिळून १० किलो, एकूण ७५. हा नियमित सराव करणारा हौशी सायकलपटू आहे आणि तासभर टिकेल अशा दमाने पेडल मारताना त्याच्याकडून मागच्या चाकापर्यंत २०० वॅट पोचतात. वारा पडलेला आहे, रस्ता चांगला आहे.

७५ किलो वजन एक मीटर उचलायला सुमारे ७३६ ज्यूल लागतात. २०० वॅट म्हणजे सेकंदाला २०० ज्यूल. सगळीच ताकद फक्त उचलण्यात गेली असती तर तासाला ९७८ मीटर उंची मिळाली असती. त्या स्वाराची ही कमाल मर्यादा. रस्ता कितीही टक्क्यांचा असो, २०० वॅटवर त्याला तासाला ९७८ मीटरच्या वर जाता येणार नाही, कारण उंचीची किंमत ठरलेली आहे. प्रत्यक्षात थोडी ताकद टायरच्या घर्षणात जाते आणि थोडी हवा बाजूला सारण्यात. आठ टक्के चढावर हिशेब मांडला तर वेग ताशी ११.२ किलोमीटर येतो. २०० वॅटपैकी सुमारे १८३ उचलण्यात, ११ ते १२ टायरमध्ये आणि अवघे सहा हवेत खर्च होतात. तासाची उंची ८९० मीटरच्या आसपास.

म्हणजे आल्प द्युएझची १,११८ मीटर उंची चढायला या स्वाराला सव्वा तास लागेल. सरासरी वेग ताशी ११ किलोमीटर.

तासाला किती मीटर उंची, या मापाला सायकलपटूंत व्हॅम म्हणतात. ते रूढ केले मिकेले फेरारी या इटालियन डॉक्टरने. लान्स आर्मस्ट्राँगशी संबंधित उत्तेजक प्रकरणात याच फेरारीवर २०१२ साली आजन्म बंदी आली. त्याच्या कामाबद्दल माझ्या मनात आदर नाही, पण माप चोख आहे. उलट हेच माप पुढे संशय घेणाऱ्यांच्या कामी आले. टीव्हीवर घड्याळ लावून चढाईचा वेळ मोजायचा, उंचीला त्याने भागायचे, आणि माणसाच्या शरीराकडून इतकी ताकद निघू शकते का हे विचारायचे. मार्को पंतानीची १९९७ ची आल्प द्युएझवरची वेळ ३७ मिनिटे ३५ सेकंद अशी नोंदली जाते. ती तासाला जवळपास १,७८५ मीटर उंची भरते. आपल्या मनातल्या स्वाराच्या दुप्पट. उत्तेजकांनी गाजलेल्या त्या दशकातल्या आकड्यांकडे आज कुणी निखळ कौतुकाने पाहत नाही.

आता चढाची टक्केवारी बदलली की काय होते ते पाहू. स्वार तोच, २०० वॅट तेच. सपाट रस्त्यावर तो ताशी ३३ ते ३४ किलोमीटरने जातो. दोन टक्क्यांवर २५, चार टक्क्यांवर १९, सहावर १४, आठवर ११, दहावर ९ आणि बारावर जेमतेम ८. वेग सतत पडत जातो. पण तासाची उंची बघा: दोन टक्क्यांवर ५१०, चारवर ७५०, सहावर ८५०, आठवर ८९०, दहावर ९१५, बारावर ९३०. हे आकडे आधी झपाट्याने वाढतात आणि मग ९७८ च्या मर्यादेखाली जवळजवळ स्थिरावतात.

सौम्य चढावर वेग जास्त असतो आणि हवेचा विरोध वेगाबरोबर फार लवकर वाढतो. वेग दुप्पट झाला की हवा भेदायला आठपट ताकद लागते. त्यामुळे दोन टक्के चढावर २०० पैकी सुमारे ७० वॅट हवा खाते आणि उंचीच्या वाट्याला निम्मीच ताकद उरते. आठ टक्क्यांवर हवेला देण्याइतका वेगच नसतो. म्हणून ‘चढ दुप्पट झाला की वेग निम्मा होतो’ हे विधान कधी खरे असते आणि कधी खोटे. दोनाचे चार टक्के झाले तर वेग पाव हिश्श्याने कमी होतो. पाचाचे दहा झाले की १६ वरून ९ वर येतो, म्हणजे निम्म्याच्या जवळ. आठच्या पुढे मात्र विधान बऱ्यापैकी खरे ठरते.

यातून व्यवहाराला उपयोगी पडणारा नियम निघतो. सहा टक्क्यांच्या वरच्या घाटात वेळ काढायचा तर फक्त उंची विचारा. ७ टक्क्यांचा लांब रस्ता आणि १० टक्क्यांचा आखूड रस्ता एकाच माथ्यावर जात असतील तर दोन्हींना लागणारा वेळ जवळपास सारखा. तीन-चार टक्क्यांच्या लांबलचक चढावर हा नियम वापरू नका. तिथे वारा, गटात कुणाच्या मागे राहणे आणि हँडलवर किती वाकून बसता हे सगळे हिशेबात येते. मुंबई-पुणे सायकल शर्यतीत बोर घाट आधी पार करणाऱ्याला ‘घाटाचा राजा’ हा किताब मिळतो. तिथे जिंकणारे सायकलपटू हौशी स्वारापेक्षा खूप वेगाने चढतात, आणि वेग जास्त म्हणजे हवाही जास्त. आपलाच ७५ किलोचा स्वार आठ टक्क्यांवर पंतानीच्या ताशी २२ किलोमीटर वेगाने जाऊ लागला तर त्याच्या ताकदीचा दहावा हिस्सा हवेत जाईल. म्हणूनच तगडे सायकलपटू घाटातही एकमेकांच्या चाकाला चिकटून असतात. ताशी ११ ने जाणाऱ्याला त्याचा फायदा नगण्य.

वजनाचा हिशेबही इथेच बसतो. उभ्या चढावर उचलण्याचे आणि टायरचे मिळून ९७ टक्के काम वजनाच्या प्रमाणात असते. ७५ किलोतून एक किलो कमी झाला तर आल्प द्युएझच्या ७५ मिनिटांतून साधारण एक मिनिट वाचते. हलक्या सायकलसाठी लाखभर रुपये मोजण्याआधी हा गुणाकार करून पाहावा. दीड लिटर पाणी पायथ्याला भरून घ्यायचे की वाटेत मिळेल त्यावर भागवायचे, हा प्रश्नही याच गणिताचा आहे. महाराष्ट्रातल्या उन्हात मी तरी दीड मिनिटासाठी पाणी सोडणार नाही.

सरासरी हा शब्द मात्र जपून घ्यावा लागतो. १० किलोमीटरला सरासरी ५ टक्के, म्हणजे ५०० मीटर उंची. रस्ता सलग ५ टक्क्यांचा असेल तर आपला स्वार ३७ मिनिटांत वर जाईल. पण पहिले पाच किलोमीटर सपाट आणि पुढचे पाच १० टक्क्यांचे असतील तर? सरासरी तीच, उंची तीच. सपाट भाग नऊ मिनिटांत संपतो आणि चढाला साडेबत्तीस मिनिटे लागतात. एकूण साडेएकेचाळीस. सपाटीवर वाचवलेला वेळ चढावर गमावलेल्या वेळेची भरपाई करत नाही, कारण सपाटीवरची ताकद हवेत गेलेली असते. मध्येच रस्ता खाली उतरून पुन्हा चढत असेल तर गडबड आणखी वाढते. पायथा आणि माथा यांच्या उंचीतला फरक ५०० मीटर असला आणि वाटेत ५० मीटरची एक खोलगट जागा असली, तर चढायचे असतात ५५० मीटर. त्यामुळे सरासरी टक्केवारी ऐकली की लगेच पुढचा प्रश्न विचारावा: सर्वांत उभा किलोमीटर कोणता आणि तो कुठे आहे? आल्प द्युएझची बदनामी याच कारणाने झाली आहे. तिथला सर्वांत त्रासदायक भाग अगदी सुरुवातीला, दहा टक्क्यांच्या घरात. पाय तापायच्या आधीच तो समोर येतो. तिथे जोशात २५० वॅट लावणाऱ्याला वरच्या सौम्य भागात १७० वर यावे लागते आणि सव्वा तासाचा हिशेब मोडतो.

माझ्या हिशेबात आणखी एक गोष्ट मी गृहीत धरली आहे, ती म्हणजे स्वार हव्या त्या वेगाला २०० वॅट देऊ शकतो. गिअर ते होऊ देतीलच असे नाही. पुढे ३४ दात्यांचे आणि मागे २८ दात्यांचे चाक असेल तर पेडलच्या एका फेऱ्यात सायकल सुमारे २.५५ मीटर पुढे जाते. आठ टक्क्यांवर ताशी ११.२ किलोमीटरला मिनिटाला ७३ फेरे होतात. पाय सुखात फिरतात. बारा टक्क्यांवर ताशी ८ च्या आत वेग आला की फेरे ५१ वर येतात. प्रत्येक फेऱ्याला जोर जास्त लावावा लागतो, गुडघे कुरकुरतात आणि स्वार नकळत वेग वाढवून ६० फेऱ्यांवर जातो. तेव्हा त्याला २३५ वॅट द्यावे लागतात. तो दोन-चार मिनिटे देतो आणि पुढे पायच उचलत नाहीत. छोट्याशा उभ्या टप्प्यावर लोक सायकलवरून उतरतात ते बहुधा यामुळे. सरासरी ताकद पुरेशी असते, गिअर पुरेसा नसतो. मागे ३४ दात्यांचे चाक बसवले तर तोच चढ ६२ फेऱ्यांनी, २०० वॅटमध्येच निघतो. घाटासाठी पैसे खर्च करायचेच तर सायकलचे वजन अर्ध्या किलोने घटवण्यापेक्षा मागच्या मोठ्या चाकावर करावेत, असे मला हे आकडे मांडल्यावर पक्के वाटते.

हेअरपिन वळणावर टक्केवारी रस्त्याच्या रुंदीतही बदलते. आतली आणि बाहेरची कड सारखीच उंची चढतात, पण आतली कड आखूड असते. म्हणून आतून घेतलेले वळण अंगावर येते आणि बाहेरून घेतलेले सोपे जाते. वाहतूक असलेल्या घाटात आपली बाजू सोडून बाहेरची कड शोधू नये, हे वेगळे सांगायला नको.

राहिला प्रश्न मूळ आकड्यांचा. उंची कुणी मोजली? मोबाइलवरचे नकाशे बहुधा उपग्रहाने टिपलेल्या उंचीच्या जाळ्यावरून रस्त्याची उंची काढतात. जाळ्याची एक चौकट तीसेक मीटरची असली आणि रस्ता कड्यात कोरलेला असला, तर नकाशा कधी वरच्या कड्याची उंची घेतो, कधी खालच्या दरीची. मग गुळगुळीत घाटाच्या आलेखात करवतीचे दाते उमटतात, मधूनच २० टक्क्यांचा चढ दिसतो आणि एकूण उंची फुगते. ही चूक ओळखायला बोगदा उपयोगी पडतो. बोगद्याच्या जागी आलेख डोंगरावर चढून उतरताना दिसला, तर त्या नकाशाने रस्त्याची नव्हे, जमिनीची उंची घेतली आहे. अशा वेळी मधले चढउतार सोडून पायथा आणि माथा या दोनच उंची घ्याव्यात आणि वाटेतले ठळक उतार हाताने जोडावेत.

सायकलच्या मीटरमध्ये हवेच्या दाबावर चालणारा उंचीमापक असेल तर तो जास्त भरवशाचा. पण तो दाब मोजतो, उंची नव्हे. समुद्रसपाटीजवळ एक हेक्टोपास्कल दाब कमी झाला की तो साधारण साडेआठ मीटर उंची वाढली असे समजतो. आपल्या उष्ण प्रदेशात दाब रोज भरती-ओहोटीसारखा हलतो. सकाळी दहाच्या सुमारास वर असतो आणि दुपारी चारच्या सुमारास तीन-एक हेक्टोपास्कलने खाली येतो. सकाळी दहाला घरून निघून चारला त्याच दारात परतलात तर मीटर दार २५ मीटर वर गेल्याचे सांगू शकतो. तासाभराच्या चढाईत ही चूक लहान असते, दिवसभराच्या सफरीत ती साचते. उपाय म्हणजे निघताना ज्ञात उंचीच्या जागी मीटर जुळवून घेणे. त्यासाठी कुठले यंत्र लागत नाही. रेल्वे स्थानकाच्या पिवळ्या नामफलकावर गावाच्या नावाखाली समुद्रसपाटीपासूनची उंची मीटरमध्ये लिहिलेली असते. कर्जतला ती मीटरमध्ये भरून निघावे, लोणावळ्याच्या फलकाशी ताडून पाहावे, आणि दोन्हींतल्या फरकाला लागलेल्या तासांनी भागावे. या दोन गावांमधला रस्ता सगळीकडे उभा नाही, त्यामुळे येणारा आकडा तुमच्या खऱ्या ताकदीपेक्षा बराच कमी असेल. सहा टक्क्यांच्या वरच्या एखाद्या सलग गडरस्त्यावर तीच मोजणी पुन्हा केली की तुमची तासाची उंची हाती येते, आणि आल्प द्युएझच्या १,११८ मीटरला तिने भागता येते.